प्रीहेडर आणि मेलची पहिली ओळ: दिवाळी सेलमध्ये कोणाचं काम काय?

समजा, सांगलीतल्या बेदाण्याच्या एका दुकानाने जुन्या गिऱ्हाइकांना दिवाळीचा मेल पाठवला. विषय ठीक आहे: ‘दिवाळी बेदाणा बॉक्स, २० टक्के सूट’. पण इनबॉक्समध्ये त्याला लागून फिकट अक्षरांत दिसतं, ‘मेल नीट दिसत नसेल तर इथे क्लिक करा’. हे कुणी मुद्दाम लिहीत नाही. विषयाला लागून दिसणारी ही ओळ म्हणजे प्रीहेडर. तो दिलेला नसला की मेल ॲप मजकुरात सुरुवातीला जे सापडेल तेच उचलून तिथे दाखवतं. म्हणूनच या दोन गोष्टींची गल्लत होते.

प्रीहेडर मेल उघडण्याआधी वाचला जातो, पहिली ओळ उघडल्यावर. त्यामुळे प्रीहेडरने विषयात नसलेलं, पण ठरवायला उपयोगी पडेल असं काहीतरी सांगावं. सूट विषयात आलीच आहे. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला खरी काळजी पार्सल वेळेत येईल का याची. मग लिहावं: ‘वसुबारसेपर्यंत ऑर्डर द्या, लक्ष्मीपूजनाआधी घरपोच’. अर्थात कुरिअरवाल्याला विचारूनच.

मोबाइलवर यातलं थोडंच दिसतं, म्हणून तारखेची गोष्ट आधी. इंग्रजी लेखांतली अक्षरमर्यादा मराठीला जशीच्या तशी लावू नये: ‘लक्ष्मीपूजन’ डोळ्याला पाच अक्षरं, पण संगणक काना-मात्रा आणि जोडाक्षरांचे तुकडे धरून अकरा मोजतो. स्वतःला मेल पाठवून दोन-तीन फोनवर बघणं हाच खात्रीचा उपाय.

बहुतेक मेल पाठवण्याच्या सेवांत यासाठी Preview text नावाचा रकाना असतो. हाताने कोड लिहीत असाल तर मजकुराच्या अगदी सुरुवातीला हे घाला:

```html
<div style="display:none;max-height:0;overflow:hidden">
वसुबारसेपर्यंत ऑर्डर द्या, लक्ष्मीपूजनाआधी घरपोच
͏ ͏ ͏ 
</div>
```

शेवटची न दिसणारी चिन्हं बरीच वेळा लिहावी लागतात. ती कमी पडली तर प्रीहेडर संपताच ‘नमस्कार’ आणि पुढचा मजकूर इनबॉक्समध्ये डोकावतो.

पहिल्या ओळीत मात्र प्रीहेडरच पुन्हा लिहू नये. उघडणाऱ्याला नवं काही मिळत नाही. ‘सणासुदीच्या हार्दिक शुभेच्छा’ही इथे वायाच. ‘गेल्या दिवाळीत तुम्ही हिरवा बेदाणा नेला होता. यंदा अर्ध्या किलोच्या डब्यात सांगलीची हळदही आहे.’ एवढं पुरे, लगेच खाली ऑर्डरचं बटण. ही ओळ मेल उघडण्याचं प्रमाण वाढवत नाही, क्लिक वाढवते.

म्हणून चाचणीही वेगवेगळी. यादीचे दोन भाग करून विषय आणि पहिली ओळ तीच ठेवा, फक्त प्रीहेडर बदला. पहिली ओळ तपासताना याच्या उलट, आणि तिथे क्लिक मोजा. उघडण्याच्या आकड्यावर मात्र फार विसंबू नका. २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये गोपनीयतेची सोय चालू असेल तर मेलमधली चित्रं आधीच उतरवली जातात, आणि गिऱ्हाइकाने न उघडलेला मेलही उघडलेला मोजला जातो. आयफोनवाले वगळून आकडे बघता आले तर बघा. नाहीतर दोन्ही प्रीहेडरना किती ऑर्डर आल्या तेच ताडून पाहा.