गळ जुनाच : ‘फिशिंग’ हा शब्द आला कुठून?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत चालवणारे आमचे शेजारी काका मध्यंतरी मोबाईल घेऊन घरी आले. मेसेज बँकेच्या नावाचा होता : केवायसी अपुरी आहे, आज रात्री ९ वाजता खातं बंद होईल, खालच्या लिंकवर माहिती भरा. “खरं असंल काय रे हे?” काकांचा आवाज उतरला होता.

या मेसेजची वंशावळ तीस वर्षांमागे जाते. १९९०च्या दशकात अमेरिकेत ‘अमेरिका ऑनलाईन’ कंपनीकडून लोक इंटरनेट घेत, आणि त्याचे पैसे तासांवर लागत. काही पोरं क्रेडिट कार्डाचे खोटे नंबर तयार करून फुकट खाती उघडायची. १९९५च्या सुमारास कंपनी कार्ड तपासू लागली आणि ती वाट बुजली. मग त्यांनी दुसऱ्यांची खाती लाटायला सुरुवात केली. कंपनीचे कर्मचारी असल्याचं भासवून ते ग्राहकाला मेसेज करत : तुमचं बिलिंग तपासायचं आहे, पासवर्ड सांगा. शेकडो जणांना विचारलं की एखादा गळाला लागे, म्हणून ते ‘फिशिंग’, मासेमारी. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एफच्या जागी पीएच आले ते ‘फ्रीकिंग’वरून, टेलिफोन यंत्रणा चकवून फुकट कॉल करणाऱ्यांचा तो जुना शब्द. देवनागरीत दोन्हींना एकच ‘फ’, त्यामुळे आपल्याकडे ही खूण पुसली जाते. जानेवारी १९९६मध्ये हा शब्द यूजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांत लेखी सापडतो. पुढे कंपनीला बजावावं लागलं की आमचा कोणीही माणूस तुमचा पासवर्ड विचारणार नाही.

काकांच्या मेसेजात तेच सगळं होतं : उसनं नाव, घाई, आणि गुपिताची मागणी. मराठी मात्र बिनचूक होतं. चुकीच्या शुद्धलेखनावरून असा मेसेज ओळखण्याच्या सवयीवर आता विसंबता येत नाही. खरी खूण पत्त्यात असते. नमुन्यादाखल असा पत्ता बघा :

```
https://mybank.bank.in.kyc-update.example/login
```

रिझर्व्ह बँकेने भारतातल्या बँकांसाठी `.bank.in` हा शेवट राखून ठेवला आहे, आणि इथे तो डोळ्यांत भरतो. पण `https://` नंतरची पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिथून उलटं, डावीकडे वाचत या. रेघेला चिकटून `kyc-update.example` आहे. मालक तो. त्याच्या डावीकडे मालक हवं ते लिहू शकतो, घराच्या पाटीवर कुणाचंही नाव रंगवावं तसं. खऱ्या पत्त्यात `.bank.in` रेघेला लागून येतं. कुलपाच्या चित्रावरही जाऊ नका. वाटेत कोणी मजकूर वाचणार नाही एवढंच ते सांगतं. पलीकडे कोण बसलंय ते सांगत नाही.

मेसेजसोबत एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल आली तर पत्ता वाचण्याचा प्रश्नच उरत नाही. ती उघडायचीच नाही.

काकांनी लिंक उघडली नाही. पासबुकावरच्या नंबरवर शाखेत फोन लावला. त्यांची केवायसी पूर्ण होती.