कोफ्तगरी : पेट्या व तबकांवरील सोन्याचे काम

पोलादाचा किंवा लोखंडाचा पृष्ठभाग बारीक रेघांनी खरखरीत करून त्यावर शुद्ध सोन्याची तार ठोकून बसवण्याच्या कामाला कोफ्तगरी म्हणतात. ‘कोफ्त’ या फारसी शब्दाचा अर्थ ठोकलेले, कुटलेले. मूळचे हे काम तलवारींच्या मुठी, ढाली आणि चिलखतांवरचे. पंजाबात ते सियालकोट आणि गुजरात या गावांत भरभराटीला आले. हे गुजरात म्हणजे पंजाबातले शहर (आज पाकिस्तानात). मुंबईतल्या दुकानांत ‘गुजरातचं काम’ म्हणून एखादी पेटी दाखवतात तेव्हा ते आपल्या शेजारच्या राज्याचे समजण्याची चूक सर्रास होते. १८४९ मध्ये पंजाब इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर शस्त्रांची मागणी ओसरली आणि तेच कारागीर पेट्या, तबके, दौती आणि कागद दाबायची वजने घडवू लागले. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात भारतीय कोफ्तगरी मांडली होती. घरगुती वापराच्या ज्या जुन्या वस्तू आज मुंबईत चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर किंवा जुन्या घरांच्या आवराआवरीत निघतात, त्यांतल्या बऱ्याच या दुसऱ्या काळातल्या असतात.

काम कसे होते

पोलादाची वस्तू आधी घडवून, कानशीने साफ करून गुळगुळीत करतात. त्यावर सुईने नक्षी आखली जाते. मग धारदार छिन्नीने किंवा सुरीने नक्षीच्या जागी बारीक, जवळजवळ रेघा ओढतात: आधी एका दिशेने, मग तिला छेदून दुसऱ्या, बहुधा तिसऱ्याही दिशेने. रेघ ओढताना पोलाद दोन्ही बाजूंना किंचित वर उठते, त्याचे सूक्ष्म दात तयार होतात. सोन्याला धरून ठेवतात ते हेच दात. इथे डाक नसतो, चिकटवण नसते. जंत्रीच्या भोकांतून केसाइतकी बारीक ओढलेली तार नक्षीवर वळवत हलक्या हातोडीने बसवतात. पान किंवा पाकळी भरायची असेल तर तारा शेजारी शेजारी बसवून जागा भरतात. मग वस्तू तापवून पुन्हा ठोकतात आणि अकीकाच्या घोटणीने घोटतात, म्हणजे तारा पसरून एकमेकींना भिडतात. शेवटी मोकळ्या पोलादाला आंच देऊन निळा किंवा काळसर रंग आणतात. साधारण ३०० अंश सेल्सियसच्या आसपास पोलाद निळे होते. सोने वितळायला हजाराच्या वर अंश लागतात, त्यामुळे त्याला काही होत नाही.

सोने शुद्धच का लागते, तर मिश्र सोने कडक असते. ते दातांत रुतत नाही, हातोडीखाली उसळते. मऊ सोने दातांच्या फटींत शिरते आणि ठोकल्यावर तिथेच अडकते.

याहून जुनी आणि अधिक कष्टाची रीत म्हणजे तहनिशान. तीत रेघांच्या जाळीऐवजी नक्षीची खोल खाच कोरतात, खाचेचा तळ वरच्या तोंडापेक्षा रुंद ठेवतात आणि जाड तार आत ठोकून पोलादाच्या पातळीत घासून घेतात. तहनिशानला सोने जास्त लागते, आयुष्यही मोठे असते. पेट्या-तबकांवर मात्र बहुतेक कोफ्तगरीच सापडते, कारण ती स्वस्त आणि लवकर होते.

एक गल्लत आधीच दूर केलेली बरी. बिदरी म्हणजे हे काम नव्हे. बिदरीचा काळा धातू जस्ताचा असतो, त्यात प्रामुख्याने चांदी जडवतात आणि तो रंग नवसागर मिसळलेल्या मातीने आणतात. बिदरीच्या तबकाला लोहचुंबक चिकटत नाही.

झिजलेली जागा पाहावी

विकणारा नेहमी चकाकणारी बाजू दाखवतो. तपासणाऱ्याने सोने गेलेली जागा शोधावी: झाकणाच्या कडा, कोपरे, बोटे लागतात ती कळाची जागा, तबकाचा तळ. दहा पटीचे भिंग घ्यावे आणि मोबाईलचा टॉर्च अगदी तिरपा धरावा, म्हणजे पृष्ठभागावरची प्रत्येक रेघ सावली टाकते.

सोने गेले तिथे पोलादावर एकमेकींना छेदणाऱ्या रेघांची जाळी दिसली तर ती कोफ्तगरी. जाळीच्या फटींत सोन्याचे कण अजून अडकलेले दिसले तर खात्री वाढते. जाळी नाही पण स्वच्छ कडांची रिकामी खाच दिसली तर तार निसटलेले तहनिशान. यातले काहीच न दिसता सोन्याखाली गुळगुळीत धातू निघाला तर तो मुलामा, बाजारच्या भाषेत गिलिटाचा माल. विजेच्या मुलाम्याखाली बहुधा तांब्याचा किंवा निकेलचा थर असतो. झिजलेल्या कडेवर सोनेरी, मग गुलाबी किंवा पांढरट आणि मग लोखंड अशी पायरी दिसते. पाऱ्याने केलेला जुना मुलामा पोलादावर थेट बसत नाही, कारण पारा लोखंडाला धरत नाही. म्हणून जुने कारागीर आधी मोरचुदाने तांब्याचा पातळ थर चढवत. गुलाबी झाक दिसली म्हणून वस्तू नवीन, असे त्यामुळे म्हणता येत नाही. पण ती कोफ्तगरी नाही हे नक्की.

सोने सुटण्याची तऱ्हाही बोलकी असते. कोफ्तगरी तारेतारेने, रेषेने तुटत जाते. मुलामा पापुद्र्यासारखा निघतो.

नवा पर्यटकी माल बहुधा तीन प्रकारांनी बनतो. आम्लाने किंवा यंत्राने नक्षी कोरून वर मुलामा दिलेला. ठशाने दाबलेल्या पत्र्यावर काळा रंग भरून उंचवटे सोनेरी केलेले (स्पेनमधल्या तोलेदो शहराच्या नावाने विकल्या जाणाऱ्या स्वस्त डब्या व थाळ्या बऱ्याचदा अशाच असतात). आणि नुसता सोनेरी रंग. तोलेदोलाही हाताने जडवलेले उत्तम काम झाले आहे आणि होते, पण ते या किमतीत मिळत नाही. ठशाच्या मालात रेषा सगळीकडे एकाच जाडीची असते, सोने पृष्ठभागाच्या वर गोलसर कडांनी उभे असते आणि शेजारशेजारची दोन फुले तंतोतंत जुळतात. आम्लाने कोरलेल्या खाचेचा तळ खडबडीत, बारीक खड्ड्यांचा असतो. छिन्नीच्या खाचेत हत्याराच्या लांब रेघा असतात.

लोहचुंबकाचा उपयोग एकाच दिशेने होतो. तो चिकटला नाही तर वस्तू लोखंडाची किंवा साध्या पोलादाची नाही. चिकटला तर काहीच सिद्ध होत नाही, कारण नवा मालही लोखंडी पत्र्याचा असतो.

एक पेटी, तपशिलाने

समजा, सुमारे १५ सेंमी लांबीची, झाकणाची, बिजागरी असलेली लोखंडी पेटी समोर आहे. झाकणावर वेलबुट्टी, भोवती पानांची किनार, आत लाल मखमल. लोहचुंबक चिकटतो. झाकणाच्या पुढच्या कडेला सोने विरळ झाले आहे आणि भिंगाखाली तिथे दोन दिशांची जाळी दिसते. मधल्या फुलाच्या पाकळीत तिरप्या उजेडात शेजारशेजारच्या तारा वेगळ्या मोजता येतात. इथवर तंत्र ठरले: हाताची कोफ्तगरी.

आता किनार पाहावी. डाव्या कोपऱ्यापासून पाने सारखी चालत येतात आणि शेवटच्या कोपऱ्याजवळ एक पान दाबून, अरुंद करून बसवलेले आहे. कारागिराने एका टोकाकडून सुरुवात केली, शेवटी जागा कमी पडली. यंत्राचे अंतर असे चुकत नाही. पण मागच्या बाजूला एका भागात सोन्याचा रंग वेगळा, जास्त पिवळा आणि मंद दिसतो; भिंगाखाली तिथे तारा नाहीत आणि तो रंग गंजाच्या पुळीवरूनही सरळ गेला आहे. सोन्याची तार गंजावर बसत नाही. हा नंतर लावलेला सोनेरी रंग.

मग वयाचा प्रश्न. मखमल बदलता येते, ती पुरावा नाही. बिजागरीची खीळ हाताने घडवलेली आहे का, पेटीच्या आतल्या सांध्यावर वेल्डिंगचा मणी आहे का, हे पाहावे. आतला गंज गडद तपकिरी, घट्ट आणि कोपऱ्यात जास्त असेल तर तो सावकाश आलेला; सगळीकडे सारखा, नारिंगी आणि बोटाला लागणारा असेल तर तो बहुधा मुद्दाम आणलेला.

इथे बहुतेक खरेदीदार अडतात, कारण तंत्र, वय आणि दर्जा हे तीन वेगळे प्रश्न आहेत. उदयपूर आणि जयपूरला आजही खरी कोफ्तगरी होते. ती नकली नाही, फक्त नवी आहे. उलट एकोणिसाव्या शतकात प्रदर्शने आणि साहेबांच्या भेटींसाठी घाईने केलेले कामही भरपूर आहे: जाळी भरड, रेघा नक्षीबाहेर पसरलेल्या, तारा विरळ. चांगल्या कामात जाळी इतकी दाट असते की नुसत्या डोळ्यांना ती मंद झाकेसारखी दिसते, आणि नक्षीबाहेरचे पोलाद स्वच्छ राहते. डोळा तयार करायला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या शस्त्रदालनात तलवारींच्या मुठी निवांत पाहाव्यात. मुठीवर हात लागत असल्याने झिजलेल्या जागा भरपूर दिसतात.

झवेरी बाजारात क्ष-किरणांच्या कॅरटमीटरवर वस्तूला न खरवडता तपासता येते. मात्र सोन्याचा थर इतका पातळ असतो की किरण खालच्या पोलादापर्यंत पोचतात आणि यंत्र कॅरट कमी दाखवते. म्हणून कॅरटचा आकडा सोडून द्यावा आणि धातूंची यादी वाचावी. सोने आणि लोखंड आले तर कोफ्तगरीशी जुळते. गंगाजमनी कामात चांदीही येईल. निकेल आले तर मुलाम्याचा संशय, पारा आला तर जुन्या मुलाम्याचा. कसोटीवर घासू देऊ नये, तेवढीच नक्षी जाते.

विक्रेता वस्तू दीडशे वर्षांची आहे म्हणतो आणि त्याच दमात परदेशी पाठवून देण्याची तयारीही दाखवतो, तेव्हा दोन्हीपैकी एक खोटे असते. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही.

मुंबईच्या हवेत

सोने आणि लोखंड एकमेकांना चिकटून असताना ओल मिळाली की लोखंड अधिक वेगाने गंजते; समुद्राच्या खाऱ्या हवेत तर पावसाळ्याच्या चार महिन्यांत पुळ्या उठतात. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे तो जाळीतून वर येऊन तारेला उचलतो. अशा वेळी घरातली पितळेची सवय कामी आणू नये. चिंच, लिंबू, पितांबरी किंवा ब्रासो लावले तर आम्ल किंवा घासणारी पूड दात झिजवते आणि सोने सुटते. तारेची घासणी तर नकोच. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढावी, कोरड्या दिवशी सूक्ष्म-स्फटिकी मेणाचा अगदी पातळ हात द्यावा आणि वस्तू सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावी. पुड्यांचा रंग बदलला की त्या तापवून कोरड्या कराव्यात. मखमलीच्या पेटीत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नये, कारण दोन्ही ओल धरून ठेवतात. उचललेली तार बोटाने दाबून बसवायचा मोह टाळावा. खाली गंज असतो आणि दाबल्यावर ती तुटते. ती जागा संग्रहालयातल्या वस्तूंवर काम करणाऱ्या संवर्धकाकडे न्यावी.