क्लोराइड वर, अमाइड खाली: एका क्रमामागची सव्वाशे वर्षं

बी.एस्सी.च्या ऑर्गॅनिक पेपरात हा प्रश्न फिरून फिरून येतो. अ‍ॅसिटिल क्लोराइड, अ‍ॅसिटिक अ‍ॅनहायड्राइड, इथाइल अ‍ॅसिटेट आणि अ‍ॅसिटमाइड यांना न्यूक्लिओफिलिक अ‍ॅसिल सब्स्टिट्यूशनमधल्या क्रियाशीलतेनुसार लावा आणि कारण द्या. क्रम सगळ्यांना पाठ असतो: क्लोराइड, अ‍ॅनहायड्राइड, एस्टर, अमाइड. गाडी अडते ती कारणापाशी. सोलापुरात शिकवताना मला सर्वांत जास्त वेळा वाचायला मिळालेलं कारण असं: "क्लोरीन सर्वांत जास्त इलेक्ट्रोनेगेटिव्ह असल्यामुळे कार्बोनिल कार्बनवर जास्त धन प्रभार येतो."

हे कारण आकड्यांपुढे टिकत नाही. पॉलिंगच्या मापात ऑक्सिजन 3.44, क्लोरीन 3.16 आणि नायट्रोजन 3.04. नुसत्या इलेक्ट्रोनेगेटिव्हिटीवर क्रम ठरला असता तर एस्टर क्लोराइडच्या वर बसला असता, आणि क्लोराइड व अमाइड जवळजवळ शेजारी आले असते. प्रत्यक्षात ते दोघे यादीच्या दोन टोकांना आहेत. म्हणजे या क्रमामागे दुसरं काहीतरी आहे. ते काय, हे समजायला रसायनशास्त्राला शंभरावर वर्षं लागली. क्रम आधी हाताला कळला, कारण फार नंतर सापडलं.

सुरुवात 1832 ची. फ्रीडरिश व्होलर आणि युस्टुस लीबिग कडू बदामाच्या तेलावर, म्हणजे आजच्या भाषेत बेन्झाल्डिहाइडवर, काम करत होते. त्या उन्हाळ्यात व्होलरची तरुण पत्नी वारली होती. मित्राला सोबत म्हणून लीबिगने त्याला गीसेनला बोलावून घेतलं आणि दोघांनी मिळून हे काम हाती घेतलं. तेलातून क्लोरीन सोडला तेव्हा त्यांना एक झोंबऱ्या वासाचा द्रव मिळाला, तो बेन्झॉइल क्लोराइड. मग त्यांनी या एकाच द्रवाला वेगवेगळे जोडीदार दिले. पाण्याबरोबर बेन्झॉइक आम्ल मिळालं, अल्कोहोलबरोबर इथाइल बेन्झोएट आणि अमोनियाबरोबर बेन्झमाइड. त्यांचं लक्ष होतं एका क्रियेतून दुसऱ्या क्रियेत अखंड जाणाऱ्या "बेन्झॉइल" गटावर, आणि तो शोध त्या काळी गाजला. पण आपल्या प्रश्नाच्या बाजूने पाहिलं तर त्याच निबंधात एस्टर आणि अमाइड दोन्ही थेट क्लोराइडपासून तयार झालेले दिसतात. उलट दिशेने, म्हणजे बेन्झमाइडवर मिठाचं आम्ल टाकून बेन्झॉइल क्लोराइड, असं कधी मिळत नाही. तिथे पाणी असलं आणि तापवलं की बेन्झॉइक आम्ल आणि अमोनियम क्लोराइड मिळतं.

यादीतली उरलेली जागा 1852 मध्ये शार्ल गेरहार्टने भरली. आम्लाचा कोरडा क्षार आणि आम्ल क्लोराइड एकत्र तापवून त्याने अ‍ॅनहायड्राइड बनवले, अ‍ॅसिटिक अ‍ॅनहायड्राइडसुद्धा. इथे कार्बोक्झिलेट आयन न्यूक्लिओफाइल होतो आणि क्लोराइड बाहेर पडतो. त्या अ‍ॅनहायड्राइडवर अल्कोहोल टाकलं की एस्टर, अमोनिया टाकला की अमाइड. यादीत वरचा पदार्थ खालच्या प्रत्येकाला जन्म देतो, पण खालून वर चढायचं तर वाट बदलावी लागते: आधी आम्लापर्यंत जायचं, मग थायोनिल क्लोराइडसारखं अभिकर्मक वापरायचं. उत्तरपत्रिकेत हे एक वाक्य लिहिलं तरी तपासणाऱ्याला कळतं की मुलाने नुसता क्रम पाठ केलेला नाही.

या क्रमाचा आपल्या प्रयोगशाळेतला सर्वांत ओळखीचा वारसा म्हणजे शॉटेन–बाउमान पद्धत. 1884 मध्ये कार्ल शॉटेनने आणि 1886 मध्ये ओयगेन बाउमानने ती मांडली. अ‍ॅनिलिनमध्ये 10 टक्के कॉस्टिक सोडा घालायचा, बेन्झॉइल क्लोराइड थोडं थोडं टाकायचं, बूच लावून दहा-पंधरा मिनिटं जोरात हलवायचं, मधून मधून बूच सैल करायचं आणि क्लोराइडचा वास जाईपर्यंत थांबायचं नाही. पांढरा बेन्झनिलाइड खाली बसतो. तो गाळून, पाण्याने धुऊन, अल्कोहोलमधून स्फटिक काढले की 163 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो.

या प्रयोगात पाणी भरपूर असतं, तरी बेन्झॉइल क्लोराइड अ‍ॅनिलिनकडे का जातं? अ‍ॅनिलिन पाण्यापेक्षा चांगला न्यूक्लिओफाइल आहे, आणि बेन्झॉइल क्लोराइड तेलासारखं वेगळं राहतं. त्या तेलात अ‍ॅनिलिन सहज मिसळतं, पाणी आणि हायड्रॉक्साइड फारसं मिसळत नाही. सोड्याचं काम सुटणारं हायड्रोजन क्लोराइड शोषायचं. सोडा कमी पडला तर अर्धं अ‍ॅनिलिन क्षार बनून अडकतं, द्रावण आम्लधर्मी होतं आणि बेन्झॉइक आम्लही अमाइडबरोबर खाली बसतं. लिटमसने हे लगेच कळतं. नंतर कळायचं तर वितळणांक सांगतो: बेन्झॉइक आम्ल 122 अंशांना वितळतं, त्यामुळे मिश्रण बरंच खाली आणि लांबवर वितळत राहतं. मार्च-एप्रिलच्या प्रॅक्टिकल परीक्षेत सोलापूरची हवा चाळिशीकडे गेलेली असते. तेव्हा बेन्झॉइल क्लोराइडची वाफ डोळ्यांना फार झोंबते, म्हणून बाटली धुरांड्याखालीच उघडावी.

हाच प्रयोग अ‍ॅसिटिल क्लोराइडने पाण्यात करायला गेलं तर फसतो. ते पाणी लागताच फसफसून अ‍ॅसिटिक आम्ल होतं. म्हणून अ‍ॅसिटनिलाइडसाठी आपण एक पायरी खाली उतरून अ‍ॅसिटिक अ‍ॅनहायड्राइड घेतो. यातून क्रमाची एक अटही दिसते. कार्बोनिलला काय जोडलंय ते सारखं असेल तरच चौघांची तुलना करता येते. बेन्झिनचं वलय कार्बोनिलला इलेक्ट्रॉन देतं, त्यामुळे बेन्झॉइल क्लोराइड अ‍ॅसिटिल क्लोराइडपेक्षा शांत असतं.

आता कारणाकडे. त्यासाठी आधी क्रिया घडते कशी, हे कळायला हवं होतं. 1934 मध्ये मायकेल पोलान्यी आणि झाबो यांनी जड ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजन-18, जास्त असलेल्या अल्कलीयुक्त पाण्यात अमाइल अ‍ॅसिटेटचं जलविघटन केलं. सुटलेल्या अल्कोहोलमध्ये जड ऑक्सिजन सापडला नाही. म्हणजे तुटला तो कार्बोनिल कार्बन आणि ऑक्सिजनमधला बंध. अल्कोहोलचा स्वतःचा ऑक्सिजन अल्कोहोलकडेच राहिला.

1951 मध्ये मायरन बेंडरने पुढचा प्रश्न विचारला. न्यूक्लिओफाइल आत येणं आणि जुना गट बाहेर जाणं एकाच दमात घडतं, की मध्ये काही थांबा आहे? त्याने बेन्झोएट एस्टरच्या कार्बोनिलमध्येच ऑक्सिजन-18 बसवला आणि साध्या पाण्यात जलविघटन अर्धवट होऊ दिलं. मग क्रिया न झालेला एस्टर परत काढून तपासला. त्यातला जड ऑक्सिजन कमी झाला होता. याचा एकच सरळ अर्थ निघत होता. पाणी कार्बोनिलला जोडून चार बंधांचं टेट्राहेड्रल इंटरमीजिएट तयार होतं, त्यात दोन्ही ऑक्सिजन प्रोटॉन बदलून सारखे होतात, आणि त्यातले काही रेणू गट बाहेर न टाकता मागे फिरतात. मागे फिरताना कधी जड ऑक्सिजन निघून जातो.

या थांब्यामुळे क्रमाचं कारण दोन भागांत विभागलं जातं. पहिला भाग, कार्बोनिलवर हल्ला करणं किती सोपं आहे. दुसरा, इंटरमीजिएटमधून गट बाहेर पडणं किती सोपं आहे.

पहिल्या भागाचं उत्तर 1930 च्या दशकात लायनस पॉलिंगच्या रेझोनन्सच्या कल्पनेतून आलं. शेजारच्या अणूने एकाकी जोडी कार्बोनिलला दिली की मूळ रेणू स्थिर होतो, कार्बनची भूक कमी होते आणि हल्ला करताना ती स्थिरता गमवावी लागते. कोण किती देतं हे बंधांच्या लांबीवरून दिसतं. मिथाइल क्लोराइडमधला कार्बन–क्लोरीन बंध सुमारे 178 पिकोमीटर, अ‍ॅसिटिल क्लोराइडमध्येही तो जवळजवळ तेवढाच. म्हणजे क्लोरीन काहीच देत नाही, कारण त्याची 3p कक्षा कार्बनच्या 2p कक्षेवर नीट बसत नाही. अमाइडमध्ये चित्र उलटं आहे. साध्या अमाइनमधला 147 पिकोमीटरचा कार्बन–नायट्रोजन बंध अमाइडमध्ये 136 च्या आसपास येतो, अर्धवट दुहेरी बंध होतो. एस्टरचा ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा जोडी घट्ट धरतो म्हणून कमी देतो. अ‍ॅनहायड्राइडमध्ये तर एकाच ऑक्सिजनची जोडी दोन कार्बोनिलमध्ये वाटली जाते, प्रत्येकाच्या वाट्याला थोडी येते.

अमाइडचा हा दुहेरीपणा डायमिथाइल फॉर्ममाइडच्या, म्हणजे डीएमएफच्या, एनएमआरमध्ये उघड दिसतो. नायट्रोजनवरचे दोन मिथाइल गट सारखे दिसायला हवेत, पण खोलीच्या तापमानाला दोन वेगळे संकेत येतात. फिरायला लागणारी ऊर्जा मोलमागे सुमारे 88 किलोज्यूल आहे, म्हणून शंभर अंशांच्या वर तापवल्यावरच ते एक होतात. सोलापूरहून तुळजापूरला जाताना तामलवाडीला अमाइन्सचा कारखाना लागतो, तेव्हा मला डीएमएफ आठवतंच. उद्योगात ते बनवायचा एक मार्ग म्हणजे डायमिथाइल अमाइन आणि मिथाइल फॉर्मेट एकत्र आणणं. एस्टरपासून अमाइड, क्रमातून खाली, आणि सोबत मिथेनॉल सुटतं. इथे क्लोराइडचा पर्यायच नाही, कारण फॉर्मिल क्लोराइड साध्या परिस्थितीत टिकत नाही.

दुसरा भाग, गटाचं बाहेर पडणं, मुलं सहसा बरोबर लिहितात. बाहेर पडणाऱ्या आयनाचं जोडीचं आम्ल जितकं तीव्र, तितका तो गट चांगला. हायड्रोजन क्लोराइडचा pKa सुमारे −7, अ‍ॅसिटिक आम्लाचा 4.76, इथेनॉलचा 16 आणि अमोनियाचा 35 च्या पुढे. क्रम पुन्हा तोच. बेंडरच्याच पुढच्या कामात याचा पुरावा आहे: अल्कलीत बेन्झमाइडचा ऑक्सिजन बदलण्याचा वेग जलविघटनापेक्षा जास्त निघाला. म्हणजे हायड्रॉक्साइड जोडला जातो, पण अमाइड आयन बाहेर टाकणं इतकं अवघड की बहुतेक वेळा हायड्रॉक्साइडच परत जातो.

म्हणून माझ्या मते पूर्ण गुण मिळवणारं उत्तर दोन्ही कारणं लिहितं, आणि कुठलं कारण कुठल्या पायरीवर लागू होतं तेही सांगतं. क्लोराइडला रेझोनन्सचं संरक्षण नाही आणि क्लोराइड आयन सहज निघतो. अमाइडला ते संरक्षण सर्वांत जास्त आहे आणि त्याचा गट सर्वांत वाईट.

रेझोनन्स काढून घेतला तर अमाइडचं काय होईल, हे 2006 मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत टानी आणि स्टोल्ट्झ यांनी दाखवलं. 2-क्विन्युक्लिडोन या पिंजऱ्यासारख्या अमाइडमध्ये नायट्रोजनची जोडी कार्बोनिलकडे वळूच शकत नाही. साधं अमाइड प्रोटॉन घेतं ते ऑक्सिजनवर, हे मात्र अमाइनसारखं नायट्रोजनवर घेतं, त्यामुळे हल्लाही सोपा होतो आणि बाहेर पडणारा गटही. पाण्यात त्याच्या क्षाराचं अर्धायुष्य पंधरा सेकंदांपेक्षा कमी निघालं, तर आपल्या शरीरातल्या प्रथिनांचा साधा अमाइड बंध, विकराशिवाय, उदासीन पाण्यात खोलीच्या तापमानाला अर्धा तुटायला शेकडो वर्षं घेतो.