भरलेले पैसे आणि वाट्याला आलेला खर्च

ट्रेकच्या हिशोबाला बसलं की एक वाक्य हमखास येतं: "मी माझ्या बुटांचं भाडं आधीच दिलंय, तेवढे माझ्या गाईडच्या वाट्यातून कमी करा." का कमी करायचे? बूट तू घातलेस.

गाईडची फी सगळ्यांत सारखी वाटायची आणि भाड्याचं सामान ज्याने वापरलं त्याच्या नावावर टाकायचं, एवढं सगळ्यांना येतं. दोघांत एक तंबू असेल तर त्याचं भाडं निम्मं निम्मं. घोळ होतो तो पुढे, कारण खिशातून गेलेले पैसे आणि वाट्याला आलेला खर्च या दोन गोष्टी लोक एकाच रकान्यात लिहितात.

चौघे घ्या. अ ने गाईडचे ८,००० दिले. ब ने भाड्याचं ४,४०० चं बिल भरलं. त्यात बूट आणि स्लीपिंग बॅगचे १,००० त्याचे स्वतःचे, क च्या स्लीपिंग बॅगचे ६००, ड च्या बूट, जॅकेट आणि बॅगचे १,६००, आणि क-ड च्या तंबूचे १,२००. अ आणि ब झोपले अ च्या घरच्या तंबूत.

आधी फक्त वाटा काढा, पैसे कोणी दिले हे विसरून. गाईडचे प्रत्येकी २,००० धरून अ चे २,०००, ब चे ३,०००, क चे ३,२००, ड चे ४,२००. बेरीज १२,४००. आता भरलेल्यातून वाटा वजा करा. अ ला ६,००० यायचेत, ब ला १,४००. क ने ३,२०० आणि ड ने ४,२०० द्यायचेत. ड ने सगळे अ ला द्यावेत, क ने १,८०० अ ला आणि १,४०० ब ला. तीन व्यवहारांत विषय संपला.

आता ब चे ते १,००० बघा. ते भरलेल्यातही आहेत आणि वाट्यातही, म्हणून एकमेकांना कापतात. दोन्हीकडून काढून टाकले तरी उत्तर तेच येतं. बुटांवर अडून बसलेला माणूस ते फक्त भरलेल्यात धरतो. ही चूक लगेच पकडता येते: भरलेल्यांची आणि वाट्यांची बेरीज जुळत नाही.

"जाऊ दे, सरसकट कॉन्ट्री काढू" म्हणत प्रत्येकी ३,१०० घेतले तर मात्र बेरीज छान जुळते आणि तरीही अ ला १,१०० चा भुर्दंड पडतो, स्वतःचं सामान आणल्याबद्दल! मला हा दिलदारपणा मान्य नाही.

डिपॉझिट परत मिळालं तर ते हिशोबात येतच नाही. फाटलेल्या जॅकेटपायी दुकानदाराने त्यातून काही कापलं, तर तेवढीच रक्कम खर्चात धरायची, आणि तीही ड च्या नावावर.