ताबा मिळेपर्यंत फक्त व्याज: बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटचं कर्ज

बुकिंग करून आलेले ग्राहक आमच्या टेबलापाशी बसले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हप्ता किती बसेल?" फ्लॅट तयार असेल तर एक आकडा सांगून मोकळं होता येतं. इमारत अजून उभी राहत असेल तर तसं होत नाही. मंजुरीपत्रावर ४८ लाख लिहिलेले असले तरी बँक ते एकदम देत नाही. बांधकाम जसं चढेल तसं ती थोडं थोडं बिल्डरच्या खात्यात टाकते. ताबा मिळेपर्यंत तुमच्याकडून घेतलं जातं ते फक्त दिलेल्या रकमेवरचं व्याज. त्यालाच बँकेत प्री-ईएमआय म्हणतात. त्यातून मुद्दल एक रुपयानेही कमी होत नाही.

पुण्यातलं एक सरळ उदाहरण घेऊ. फ्लॅटची करारातली किंमत ६० लाख. या किमतीला बँक ८० टक्क्यांपर्यंत कर्ज देऊ शकते, म्हणजे ४८ लाख. उरलेले १२ लाख तुमचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे साधारण साडेचार लाख वेगळे, आणि तेही तुमच्याच खिशातून, कारण कर्जाची मर्यादा ठरवताना बँक हा खर्च किमतीत धरत नाही. व्याजदर साडेआठ टक्के आणि मुदत वीस वर्षं धरू. पूर्ण ४८ लाखांचा हप्ता येतो ४१,६५५ रुपये.

पैसे कोणत्या टप्प्याला किती?

महाराष्ट्राच्या रेरा नियमांसोबत कराराचा एक नमुना आहे. त्यात बिल्डरने कुठवर किती टक्के मागायचे याच्या कमाल मर्यादा दिल्या आहेत. करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. करारानंतर एकूण ३० टक्के, जोतं झालं की ४५, सगळे स्लॅब पडले की ७०. मग भिंती, आतला गिलावा आणि फरशी झाली की ७५, संडास-बाथरूमची जोडणी आणि जिने झाले की ८०, बाहेरचा गिलावा आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं की ८५, लिफ्ट, पंप आणि विजेची कामं झाली की ९५. शेवटचे ५ टक्के भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर ताब्याच्या वेळी.

बँक पहिला रुपया देण्याआधी तुमचे १२ लाख भरल्याच्या पावत्या बघते. त्यामुळे करारानंतरच्या १८ लाखांत १२ तुमचे आणि ६ बँकेचे. तिथून पुढे प्रत्येक टप्पा बँकेचा. व्याज लाखामागे महिना साधारण ७०८ रुपये पडतं. ६ लाखांवर ४,२५० रुपये, जोत्यानंतर १५ लाखांवर १०,६२५. बारा स्लॅब असतील तर दर स्लॅबला सव्वा लाख वाढतो आणि प्री-ईएमआय ८८५ रुपयांनी चढतो. स्लॅब संपले की २१,२५०. लिफ्ट-विजेपर्यंत आलं की ४५ लाखांवर ३१,८७५.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात उशिरा येते. स्लॅब भराभर चढतात आणि त्यांच्यासोबत ७० टक्के रक्कम निघून जाते. त्यानंतर काम आत शिरतं. गिलावा, फरशी, नळ, लिफ्टची परवानगी. बाहेरून इमारत तशीच दिसते, महिने मात्र जात राहतात, आणि व्याज आता मोठ्या रकमेवर चालू असतं. आमच्या उदाहरणात तीन वर्षांत ताबा मिळाला असं धरलं, तर पहिल्या २० महिन्यांत एकूण व्याज सुमारे अडीच लाख होतं आणि शेवटच्या १६ महिन्यांत सव्वाचार लाख. मिळून पावणेसात लाख. पुढे बिल्डरने आणखी एक वर्ष घेतलं तर त्या एकाच वर्षाचे ३,८२,५०० रुपये. त्यात भाड्याचं घर असेल तर भाडं आलंच. म्हणून "प्री-ईएमआय परवडतो का?" हा प्रश्न पहिल्या महिन्याच्या आकड्यावर सोडवू नका, शेवटच्या वर्षाच्या आकड्यावर सोडवा.

डिमांड लेटर आलं की

डिमांड लेटर म्हणजे बिल्डरचं मागणीपत्र. ते मिळाल्याबरोबर बँकेला पुढे पाठवणं ही सर्वात सामान्य चूक. आधी साइटवर जाऊन या. गेल्या वर्षी आमच्या एका ग्राहकाला नवव्या स्लॅबचं पत्र आलं. ते रविवारी साइटवर गेले, तर वर नुसत्या सेंट्रिंगच्या फळ्या आणि बांधलेली सळई. काँक्रीट पडलेलंच नव्हतं. त्यांनी फोटो काढून बिल्डरला ईमेल केला. बँकेच्या इंजिनीअरनेही तोच अहवाल दिला. पैसे तीन आठवड्यांनी, स्लॅब खरोखर पडल्यावर गेले. तीन आठवड्यांचं व्याज वाचलं ते थोडंच, पण पुढची मागणीपत्रं मात्र वेळेवरच येऊ लागली.

पत्रासोबत आर्किटेक्टचा टप्पा पूर्ण झाल्याचा दाखला असतो, तो मागून घ्या. पैसे द्यायची शेवटची तारीखही बघा, कारण टप्पा खरंच पूर्ण झाला असेल आणि तुमच्याकडून उशीर झाला तर करारानुसार बिल्डर व्याज लावतो. बँक अर्ज मिळाल्यावर स्वतःचा माणूस पाठवते, त्यात काही दिवस जातात. पत्र हातात पडताच कामाला लागलेलं बरं.

दोन छोट्या रकमा दर टप्प्याला डोकं वर काढतात. एक जीएसटी. परवडणाऱ्या घराच्या व्याख्येत न बसणाऱ्या फ्लॅटला तो ५ टक्के आहे. आमच्या उदाहरणात जोत्याच्या ९ लाखांवर ४५,००० रुपये. बँक तो कर्जात धरते की नाही हे मंजुरीपत्र घेतानाच विचारा, नाहीतर दर मागणीला तो तुम्हालाच भरावा लागतो. दुसरा टीडीएस. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर बिल्डरला देण्याच्या रकमेतून १ टक्का कापून सरकारकडे भरायची जबाबदारी खरेदीदाराची आहे, म्हणजे तुमची, बँकेची नाही. ९ लाखांतून ९,००० कापून बँकेने ८,९१,००० पाठवायला हवेत. पण अर्जात तसं लिहिलं नाही तर ती पूर्ण ९ लाख पाठवते आणि मग ९,००० परत मिळवायला बिल्डरच्या ऑफिसात खेटे घालावे लागतात. आम्ही अर्जातच ही रक्कम लिहून देतो.

व्याज कोणत्या दिवसापासून लागलं तेही तपासा. रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात बँकांना बजावलं आहे की, व्याज पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या दिवसापासून घ्यायचं. मंजुरीच्या किंवा चेकवर लिहिलेल्या तारखेपासून नाही. चेक तयार होऊन आठवडाभर बँकेच्या ड्रॉवरमध्ये पडला असेल तर त्या आठवड्याचं व्याज तुम्ही देणं लागत नाही.

की पूर्ण हप्ताच सुरू करायचा?

अनेक बँका पर्याय देतात. पहिल्या टप्प्यापासून पूर्ण ४१,६५५ भरा, व्याज वळतं करून उरलेले मुद्दलात जातील. पहिल्या महिन्यात ६ लाखांवर व्याज ४,२५०, म्हणजे ३७,४०५ रुपये थेट मुद्दलात. तीन वर्षांत प्री-ईएमआयपेक्षा सुमारे ८ लाख २० हजार जास्त भरले जातात आणि ताब्याच्या दिवशी कर्ज ४८ ऐवजी साधारण साडेअडतीस लाख उरतं. पुढे तोच हप्ता ठेवला तर कर्ज ताब्यानंतर साडेबारा वर्षांत संपतं. प्री-ईएमआय घेऊन ताब्यानंतर वीस वर्षांची मुदत सुरू झाली असती तर पूर्ण वीस वर्षं भरावी लागली असती. बँक ताब्यानंतर हप्ता नव्याने मांडून मुदत तशीच ठेवणार की हप्ता तसाच ठेवून मुदत कमी करणार, हे मात्र लेखी घ्या.

आमचं मत विचाराल तर, भाडं भरत नसाल आणि दोन पगार असतील तर पूर्ण हप्ता. भाडं १८ हजार असेल तर पहिल्या टप्प्यापासून ताब्यापर्यंत पूर्ण हप्त्यासोबत जवळजवळ ६० हजार दरमहा जातील. ते जमत नसेल तर प्री-ईएमआय घ्या, लाज वाटायचं कारण नाही. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मधूनच जादा भरण्याला दंड नाही. बोनस आला की मुद्दलात टाकता येतो. मात्र पूर्ण कर्ज उचलण्याआधी असा भरणा कसा घेतात ते प्रत्येक बँकेचं वेगळं आहे, शाखेत विचारून ठेवा.

करसवलतीच्या भरवशावर प्री-ईएमआय निवडू नका. बांधकामाच्या काळातलं व्याज त्या त्या वर्षी वजा होत नाही. घर पूर्ण झाल्यावर ते पाच समान भागांत धरता येतं, आणि राहत्या घरासाठी तेही फक्त जुन्या करप्रणालीत, वर्षाला एकूण २ लाखांच्या आत. ताब्यानंतरच्या पहिल्या वर्षी ४८ लाखांचं चालू व्याजच चार लाखांच्या आसपास असतं. म्हणजे २ लाखांची जागा आधीच भरलेली. दोघं सहकर्जदार आणि सहमालक असाल तरी दोघांचे मिळून चार लाख त्यातच संपतात.

"पैसे आधीच उचला, व्याज आम्ही भरू"

बिल्डरचा सेल्समन असं म्हणाला तर थांबा. बांधकामाआधीच मोठी रक्कम देऊ नका, कर्ज बांधकामाच्या टप्प्यांशी जोडा, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सांगितलं आहे. कर्ज तुमच्या नावावर असतं. बिल्डरने व्याज भरणं बंद केलं तर बँक तुम्हाला फोन करते आणि सिबिल स्कोअरही तुमचाच पडतो.

ताबा लांबला तरी बँक थांबत नाही. काही मंजुरीपत्रांत तर ठराविक महिन्यांनंतर ताबा असो-नसो पूर्ण हप्ता सुरू होईल असं लिहिलेलं असतं, ते ओळीओळीने वाचा. दुसरीकडे बिल्डरवरही बंधन आहे. करारातली ताब्याची तारीख उलटली आणि तुम्हाला फ्लॅट सोडायचा नसेल, तर रेरा कायद्याच्या कलम १८ नुसार ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज मागता येतं. महाराष्ट्रात दर आहे स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर, म्हणजे बँकेने जाहीर केलेला कर्जाचा आधारदर, अधिक २ टक्के. ते आपोआप येत नाही, महारेरा या राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे तक्रार करावी लागते. तेव्हा उपयोगी पडतात त्या पावत्या, मागणीपत्रं, तारखा दिसणारे साइटचे फोटो आणि बँकेचा उतारा. एक फाइल पहिल्या दिवसापासून लावा.

पुढचं मागणीपत्र आलं की ते, आर्किटेक्टचा दाखला, मागची पावती आणि मंजुरीपत्राची प्रत घेऊन या. अर्ज आम्ही समोर बसूनच लिहितो. साधारण वीस मिनिटं लागतात.