बाळाच्या फुफ्फुसांसाठी आईला इंजेक्शन

तिसाव्या आठवड्यात कळा सुरू झाल्या की डॉक्टर आईच्या मांडीत किंवा कमरेत स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. त्यावर घरच्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. स्टिरॉइड कशाला, ते तर वाईट असतं ना? आणि फुफ्फुसं बाळाची, मग सुई आईला का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दुसऱ्याचं उत्तर तर इतकं सुंदर आहे की या लेखाचा बराचसा भाग मी त्यावरच खर्च करणार आहे.

पहिला प्रश्न आधी संपवू. व्यायामशाळेत स्नायू फुगवण्यासाठी घेतात ती स्टिरॉइडं टेस्टोस्टेरॉनच्या जातकुळीतली. इथे वापरतात ती बीटामेथासोन आणि डेक्सामेथासोन ही औषधं कॉर्टिसॉलच्या जातकुळीतली आहेत. कॉर्टिसॉल हे आपल्या मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून रोज पाझरणारं संप्रेरक. गर्भाच्या स्वतःच्या ग्रंथीही ते बनवतात, आणि पूर्ण दिवस भरत आले की गर्भाच्या रक्तातलं त्याचं प्रमाण झपाट्याने वाढतं. बाहेरच्या जगात श्वास घ्यायची तयारी करा, असा निरोपच ते फुफ्फुसांना देतं. अवेळी येणाऱ्या बाळाला हा निरोप मिळालेला नसतो. इंजेक्शन तो लवकर पोचवतं.

निरोप न पोचल्यास काय होतं, ते फुफ्फुसाच्या आत डोकावल्याशिवाय कळत नाही. फुफ्फुसातले हवेचे सूक्ष्म फुगे, म्हणजे वायुकोश, आतून ओले असतात. काचेच्या दोन ओल्या पट्ट्या एकमेकींवर ठेवून उचलून पाहा, त्या सहजी सुटत नाहीत. ओल्या वायुकोशाच्या भिंतीही तशाच एकमेकींकडे ओढल्या जातात. पाण्याच्या पृष्ठताणामुळे फुग्यात किती दाब तयार होतो, ते शाळेतल्या एका सोप्या सूत्राने काढता येतं: पृष्ठताणाची दुप्पट भागिले त्रिज्या. शरीराच्या तापमानाला पाण्याचा पृष्ठताण मीटरमागे सुमारे ७० मिलीन्यूटन असतो. वायुकोशाची त्रिज्या ५० मायक्रोमीटर धरली, तर तो उघडा ठेवायला सुमारे २८ सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब लागेल. किलो-दीड किलोच्या बाळाच्या छातीला प्रत्येक श्वासाला एवढा जोर लावणं झेपत नाही. शिवाय त्रिज्या छेदात आहे, म्हणजे फुगा जितका लहान तितका तो मिटायला उतावीळ. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे फुगे लहान असतात, म्हणून अडचण दुहेरी.

यावरचा शरीराचा तोडगा म्हणजे सर्फॅक्टंट. वायुकोशाच्या भिंतीतल्या काही खास पेशी, ज्यांना टाइप-टू पेशी म्हणतात, हा स्निग्ध पदार्थ बनवतात. तो पाण्यावर पातळ थर धरतो आणि पृष्ठताण पाडतो. श्वास सोडताना फुगा आकसतो, थरातले रेणू दाटीवाटीने जवळ येतात आणि पृष्ठताण जवळजवळ शून्यावर जातो. वरच्या हिशेबात ७० च्या जागी ५ घाला: २८ सेंटिमीटरवरून दाब २ सेंटिमीटरवर येतो. श्वास परवडतो तो यामुळे. मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवलं की श्वसनत्रासाने दगावलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या फुफ्फुसात हा पदार्थ पुरेसा नसतो. त्यानंतर चार वर्षांनी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक याच आजाराने जन्मानंतर दोन दिवसांच्या आत गेला. त्या काळी यावर कुणाकडेही उपाय नव्हता.

उपाय मेंढीच्या कोकरांमधून आला. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचे ग्रॅहम लिगिन्स वेगळ्याच प्रश्नामागे लागले होते: प्रसूती सुरू होण्याचा इशारा कोण देतं, आई की गर्भ? त्यांनी गर्भातल्या कोकरांना स्टिरॉइड दिलं आणि ती फार लवकर जन्मली. इतक्या अपुऱ्या दिवसांची कोकरं श्वास घेऊ शकणार नाहीत अशी अपेक्षा होती, पण काहींनी तग धरली आणि त्यांची फुफ्फुसं हवेने अंशतः उघडलेली आढळली. लिगिन्स यांनी ही विसंगती बाजूला टाकली नाही. बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांच्यासोबत त्यांनी २८२ मातांवर चाचणी केली आणि १९७२ मध्ये निकाल प्रसिद्ध केला. श्वसनत्रास उपचार न मिळालेल्या बाळांत २५.८ टक्के, तर उपचार मिळालेल्यांत ९ टक्के. मला मात्र त्या निकालातला दुसरा तपशील जास्त महत्त्वाचा वाटतो. हा फायदा ३२ आठवड्यांच्या आतल्या आणि जन्माआधी किमान २४ तास उपचार मिळालेल्या बाळांपुरताच दिसला होता. तो वेळ कशात जातो?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. आईच्या रक्तात कॉर्टिसॉल असतंच, गर्भापेक्षा कितीतरी पट जास्त. मग तेच बाळाकडे का जात नाही? कारण वारेत एक विकर पहारा देतं. आईचं कॉर्टिसॉल वारेत शिरलं की हे विकर त्याचा मोठा भाग निष्क्रिय कॉर्टिसोनमध्ये बदलून टाकतं. आई घाबरली, आजारी पडली, की तिचं कॉर्टिसॉल वर-खाली होतं. त्या प्रत्येक लाटेने गर्भाची वाढ हलू नये म्हणून ही सोय. प्रेडनिसोलोन हे नेहमीच्या वापरातलं स्टिरॉइडही इथेच बरंचसं अडतं, म्हणून या कामाला ते चालत नाही. बीटामेथासोन आणि डेक्सामेथासोन यांच्या रेणूत मात्र एक फ्लोरिनचा अणू आणि सोळाव्या कार्बनवर एक मिथाइल गट बसवलेला आहे. अशा रेणूला निष्क्रिय करणं त्या विकराला नीट जमत नाही, आणि औषध पुरेशा प्रमाणात पलीकडे पोचतं. गंमत म्हणजे ही दोन औषधं एकमेकांपासून फक्त त्या मिथाइल गटाच्या दिशेत वेगळी आहेत. म्हणून सुई आईला दिली तरी काम बाळात होतं. गर्भाला थेट टोचायची गरज उरत नाही.

बाळाच्या पेशीत शिरल्यावर हे औषध एका ग्राही प्रथिनाला चिकटतं, ती जोडी पेशीकेंद्रात जाते आणि डीएनएवर ठरावीक जागी बसून काही जनुकं चालू करते, काही मंदावते. जनुकाची प्रत निघणार, तिच्यावरून प्रथिन बनणार, मग ते कामाला लागणार. वेळ जातो तो यात.

इथे एक सरधोपट समजूत दुरुस्त करायला हवी. स्टिरॉइड म्हणजे सर्फॅक्टंट वाढवायचं औषध, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते अर्धंच खरं. मेंढ्यांवरच्या प्रयोगांत दिसतं की फुफ्फुसाची लवचिकता आणि त्यात मावणारी हवा साधारण पंधरा तासांतच सुधारते, पण सर्फॅक्टंटचा साठा लक्षणीय वाढायला काही दिवस लागतात. म्हणजे पहिली कमाई दुसरीकडून येते. वायुकोश आणि रक्तवाहिनी यांच्यामधला जाड थर पातळ होतो, आणि हवेची जागा मोकळी होते. फुफ्फुसात गर्भावस्थेभर द्रव भरलेला असतो. तो शोषून घ्यायला लागणाऱ्या सोडियमच्या वाहिन्याही वाढतात. सर्फॅक्टंट मागाहून येऊन या तयारीत भर घालतं.

एक उदाहरण घेऊ. तीस आठवडे भरलेल्या बाईला सोमवारी संध्याकाळी कळा येतात, गर्भाशयाचं तोंड उघडू लागलेलं असतं. रात्री आठला डेक्सामेथासोनचं ६ मिलिग्रॅमचं पहिलं इंजेक्शन मिळतं, मग दर बारा तासांनी: मंगळवारी सकाळी आठ, रात्री आठ, बुधवारी सकाळी आठ. एकूण चार. बीटामेथासोन असेल तर १२ मिलिग्रॅमचे दोन डोस, चोवीस तासांच्या अंतराने. मधल्या वेळात कळा थोपवायला निफेडिपिनसारखं औषध देतात. त्याचा हेतू बाळंतपण महिनाभर लांबवणं हा नसतो, स्टिरॉइडला दोन दिवस मिळवून देणं हा असतो. गुरुवारी पहाटे बाळ जन्मलं, तर पहिल्या डोसला सुमारे ५६ तास झालेले असतात, म्हणजे वेळ उत्तम साधली. तरी ते एकदम निर्धास्त नाही. कण्हल्यासारखा आवाज, फुलणाऱ्या नाकपुड्या, आत ओढल्या जाणाऱ्या बरगड्या दिसतात का, याकडे डॉक्टरांचं लक्ष असतं. बहुधा नाकातून ५ ते ८ सेंटिमीटर पाण्याइतका सततचा दाब देणारं सीपॅप लागतं, आणि गरज पडल्यास श्वासनलिकेतून सर्फॅक्टंट. समजा बाळ मंगळवारी पहाटेच आलं असतं, तर एकच डोस झालेला असता. तोही वाया जात नाही, फक्त फायदा कमी. म्हणून काही तासांतच प्रसूती होईल असं वाटलं तरी पहिला डोस टाळत नाहीत.

आठव्या महिन्यातलं बाळ जगत नाही, सातव्यातलं जगतं, ही समजूत प्राचीन ग्रीक वैद्यकातही होती. फुफ्फुसाच्या दृष्टीने ती निव्वळ खोटी आहे. आठव्या महिन्यातल्या बाळाची फुफ्फुसं सातव्यातल्यापेक्षा जास्त पक्व असतात. या समजुतीपायी कुणी उपचाराची आशा सोडत असेल, तर ते मला फार वाईट वाटतं.

दुसऱ्या टोकाचा उत्साहही तितकाच घातक. काही होवो न होवो, एक कोर्स देऊन ठेवू, असं म्हणणारेही भेटतात. सहा देशांत झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत स्टिरॉइडचा वापर गावपातळीवर वाढवला गेला. सर्वांत लहान बाळांना त्याने फायदा झाला नाही, आणि एकूण नवजात मृत्यू हजारामागे सुमारे साडेतीनने वाढले. तिथे गर्भाचं वय नेमकं ठरवणं अवघड होतं, इंजेक्शन मिळालेल्या पुष्कळ मातांची बाळं पूर्ण दिवसांनी जन्मली, आणि मातांमधला संसर्गही वाढलेला दिसला. पुढे २०२० मध्ये भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत वेगळ्या पद्धतीने चाचणी झाली. सोनोग्राफीने वय पक्कं केलं, संसर्गाची लक्षणं असलेल्या मातांना वगळलं, नवजात बाळांच्या काळजीची सोय होती. तिथे नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. औषध दोन्हीकडे डेक्सामेथासोनच होतं.

आईच्या बाबतीत दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. मधुमेह असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस साखर चांगलीच वाढते, त्यामुळे ती वरचेवर तपासावी लागते. आणि पुढचे दोन-तीन दिवस बाळाची हालचाल थोडी मंदावू शकते, हृदयाच्या ठोक्यांच्या आलेखातली चढउतारही कमी दिसते. हा औषधाचा तात्पुरता परिणाम असू शकतो. तरी हालचाल कमी वाटली तर घरी थांबून अंदाज बांधू नये, डॉक्टरांना कळवावं.

आणि आठवडा उलटला, बाळ आलंच नाही, तर? फायदा सर्वांत जास्त असतो तो २४ तास ते सात दिवस या काळात, पुढे तो ओसरू लागतो. प्रसूती अजून अपुऱ्याच दिवसांत आणि लवकरच होणार असं पुन्हा दिसलं, तर डॉक्टर आणखी एक कोर्स देण्याचा विचार करतात. दर आठवड्याला नेमाने देत राहणं मात्र केव्हाच सोडून दिलं आहे, कारण वारंवार कोर्स मिळालेल्या बाळांचं जन्मवजन कमी भरतं. म्हणून पहिल्या इंजेक्शनची तारीख आणि वेळ आईच्या कागदांवर ठळक लिहून घ्यावी. रुग्णालय बदलावं लागलं, तर तिथल्या डॉक्टरांचा पुढचा निर्णय त्या नोंदीवरून ठरतो.