भाषांतर हाती आल्यावर काय तपासाल?

आमच्याकडून मिळालेले भाषांतर मूळ कागदाशी एकदा ताडून पाहा. नुसते भाषांतर वाचून चुका सापडत नाहीत, कारण एखादे वाक्य गळले तरी उरलेला मजकूर सहसा सुरळीत वाचता येतो.

गळलेला मजकूर शोधताना मूळ कागद पुढे ठेवा. त्यातल्या प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून त्याचे भाषांतर शोधा. गळती बहुतेकदा सारखी सुरुवात असलेल्या वाक्यांत होते. समजा, पुरवठा करारात असे आहे: ‘माल ३० दिवसांत न पोहोचल्यास खरेदीदाराला ऑर्डर रद्द करता येईल. माल ६० दिवसांत न पोहोचल्यास आगाऊ रक्कम परत करावी लागेल.’ भाषांतर करणाऱ्याची नजर पहिल्या ‘न पोहोचल्यास’वरून दुसऱ्यावर घसरली, तर हाती येते ते असे: ‘माल ३० दिवसांत न पोहोचल्यास आगाऊ रक्कम परत करावी लागेल.’ वाक्य निर्दोष आहे, पण ऑर्डर रद्द करण्याचा हक्क गेला आणि पैसे परत करण्याची मुदत निम्मी झाली.

मूळ भाषा येत नसेल तरी ही चूक पकडता येते. परिच्छेदातले आकडे क्रमाने लिहून काढा. मूळात ३० आणि ६०, भाषांतरात फक्त ३०. म्हणजे काहीतरी गळले आहे. तळटीपा, शिक्के आणि समासातले हस्ताक्षरही मोजा.

आकडे जुळवताना मोठ्या रकमांपाशी थांबा. १.२५ मिलियन म्हणजे १२ लाख ५० हजार. सव्वा कोटी नव्हे. अंकी आणि अक्षरी रक्कम एकच आहे ना, तेही पाहा.

०४/०५/२०२४ ही तारीख ४ मे की ५ एप्रिल? त्याच कागदात दुसरीकडे ०४/२३/२०२४ असे असेल, तर तिथे महिना आधी लिहिला आहे हे उघड आहे. असा पुरावा नसेल तर आम्हाला विचारा, अंदाज करू नका.

नावे उच्चारावरून तपासू नका. पासपोर्ट किंवा नोंदणीपत्र शेजारी ठेवा. एकच नाव पहिल्या पानावर एका प्रकारे आणि सहीखाली दुसऱ्या प्रकारे लिहिलेले सापडू शकते.

शेवटी उलट दिशेने जा: भाषांतरातले प्रत्येक वाक्य मूळात शोधा. आगंतुक मजकूर असाच सापडतो. तो क्वचित अख्खे वाक्य असतो; बहुधा ‘लेखी’, ‘किमान’, ‘तात्काळ’ असा एखादाच शब्द असतो. मूळात नुसती ‘सूचना’ असताना भाषांतरात ‘लेखी सूचना’ झाली, तर करारात नवीन अट शिरली.

शंका असेल तिथला पान आणि कलम क्रमांक आम्हाला कळवा. शिक्का मारलेल्या प्रतीवर स्वतः खाडाखोड करू नका. दुरुस्ती करून नवी प्रत आम्ही देऊ.